प्रबंधातल्या प्रकरणाचा शोधनिबंध करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि विदर्भातल्या संशोधकांकडून व्हायवाच्या आधी-नंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं हवेत राहू नयेत म्हणून सगळीकडे एकच नमुना प्रकरण धरलं आहे: काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यातल्या भूजलाच्या गुणवत्तेवरच्या एका प्रबंधाचं चौथं प्रकरण. हा प्रबंध आणि त्यातली आकडेवारी उदाहरणापुरती रचलेली आहे, ती कुठेही उद्धृत करू नये. पिण्याच्या पाण्याची मानकं, नियम आणि तपासण्यांच्या पद्धती मात्र खऱ्या आहेत.

नमुना प्रकरण असं आहे. ४८ विहिरी, त्यांपैकी ३० खोदविहिरी आणि १८ बोअर. त्याच विहिरींचं पाणी मे महिन्यात आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये घेतलं. प्रत्येक नमुन्यात १४ घटक मोजले. प्रकरणाची लांबी १६,००० शब्द, तक्ते १२, आकृत्या १९.

१. प्रकरण परीक्षकांनी मान्य केलं आहे. तेच थोडं नीटनेटकं करून पाठवलं तर काय बिघडतं?

बहुतेक वेळा ते रिव्ह्यूअरपर्यंत पोचतच नाही, एडिटरच परत पाठवतो. कारण नुसती लांबी नसते. प्रकरण परीक्षकासाठी लिहिलेलं असतं आणि त्यात ‘मी हे सगळं वाचलं, हे सगळं मोजलं, मला ही पद्धत येते’ हे सिद्ध करायचं असतं. म्हणून परीक्षक मोजलेली प्रत्येक गोष्ट मागतो. नियतकालिकाच्या वाचकाला तुमची तयारी तपासायची नसते. काटोलच्या विहिरींविषयी आजवर माहीत नसलेलं काय सांगताय, आणि ते कशावरून, एवढंच त्याला हवं असतं. नुसती छाटणी केली तर १६,००० शब्दांचं प्रकरण ७,००० शब्दांचं होतं, पण राहतं प्रकरणच.

२. ‘एकच मुद्दा ठेवा’ असं गाईड म्हणतात. माझा मुद्दा ‘संत्रापट्ट्यातल्या भूजलाची गुणवत्ता’ हाच आहे. मग अजून काय करायचं?

तो विषय झाला. मुद्दा म्हणजे एक पूर्ण वाक्य, ज्याला क्रियापद असतं आणि जे चुकीचंही ठरू शकतं. ‘भूजलाच्या गुणवत्तेचा अभ्यास’ हे कधीच चुकीचं ठरत नाही, म्हणून त्यातून लेख उभा राहत नाही.

वाक्यात तीन गोष्टी याव्यात: काय बदललं, कोणत्या दिशेने, आणि कोणत्या अटीत. नमुना प्रकरणाचं वाक्य असं होतं: ‘काटोल-नरखेड भागात पावसाळ्यानंतर खोदविहिरींतलं नायट्रेट वाढतं, बोअरमध्ये जवळपास तेवढंच राहतं.’ हे वाक्य उद्या कुणी दुसऱ्या विहिरी तपासून खोडू शकतो, म्हणून ते मुद्दा आहे.

वाक्य जमलं की नाही हे ओळखायची साधी खूण अशी की त्यात ‘आणि’ किती वेळा येतं ते पाहा. ‘नायट्रेट वाढतं आणि कठीणपणा जास्त आहे आणि सिंचनासाठी पाणी योग्य आहे’ असं झालं तर तीन लेख एकाच अंगरख्यात कोंबले आहेत असं समजा.

३. माझ्या प्रकरणात तीन-चार निष्कर्ष आहेत आणि सगळेच महत्त्वाचे वाटतात. निवडायचा कसा?

तुमच्या नमुने घेण्याच्या पद्धतीने जो निष्कर्ष सर्वांत घट्ट धरला आहे, तो निवडा. सर्वांत नाट्यमय वाटणारा किंवा ज्यावर सर्वांत जास्त पानं खर्च झाली आहेत तो निवडू नका.

नमुना प्रकरणात तीन उमेदवार आहेत. पहिला, जल गुणवत्ता निर्देशांक काढून विहिरींची ‘उत्तम, बरी, वाईट’ अशी वर्गवारी. दुसरा, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या प्रमाणावरून दख्खनच्या बेसॉल्ट खडकाशी लावलेला संबंध. तिसरा, नायट्रेटचा हंगामी फरक.

निर्देशांकाचा उमेदवार पहिल्याच फेरीत बाद होतो. निर्देशांकातली वजनं लेखकच ठरवतो, वजनं बदलली की विहिरींचा क्रम बदलतो, आणि असे लेख एडिटरांच्या टेबलावर इतके येतात की शीर्षक वाचूनच ते बाजूला पडतात. बेसॉल्टचा निष्कर्ष बरोबर आहे, पण बेसॉल्टच्या प्रदेशातल्या पाण्याबद्दल तो आधीच माहीत असलेला आहे आणि नवीन काही सांगत नाही. तिसऱ्याची ताकद वेगळी आहे. त्याच ४८ विहिरी दोनदा मोजल्या आहेत, म्हणजे प्रत्येक विहीर स्वतःशीच ताडून पाहता येते. शिवाय खोदविहीर आणि बोअर अशी विभागणी आधीच हातात आहे. ही रचना नायट्रेटच्या प्रश्नालाच नेमकी लागू पडते.

गंमत म्हणजे मूळ प्रकरणात या निष्कर्षाला जेमतेम दीड पान मिळालं होतं. असं फार वेळा होतं. प्रबंध लिहिताना घटक एकापाठोपाठ एक घेतले जातात आणि चांगला निष्कर्ष नवव्या घटकाच्या पोटात दडून बसतो.

४. जुन्या फाईलची कॉपी करून त्यातून कापत जाऊ, की कोऱ्या फाईलपासून सुरू करू?

कोरी फाईल घ्या. कापत गेलं की प्रबंधाचा सांगाडा शिल्लक राहतो: ‘मागील प्रकरणात नमूद केल्याप्रमाणे’, ‘उद्दिष्ट क्रमांक ३ नुसार’, प्रत्येक उपविभागाच्या शेवटी छोटा समारोप. शिवाय स्वतःचं वाक्य पुसताना हात कचरतो. नव्या फाईलमध्ये प्रत्येक वाक्य आत यायला कारण लागतं.

लिहिण्याचा क्रम असा ठेवा. सर्वांत वर प्रश्न २ मधलं मुद्द्याचं वाक्य. त्याखाली ते वाक्य दाखवणारी एक मुख्य आकृती. मग निष्पत्ती, मग त्या निष्पत्तीपुरती पद्धत, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, आणि शीर्षक व सारांश सर्वांत शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात केली तर हात आपोआप जुन्या दुसऱ्या प्रकरणातल्या आढाव्याकडे जातो आणि दोन आठवडे तिथेच जातात.

५. किती शब्द कुठून कमी करायचे? काही हिशेब आहे का?

ज्या नियतकालिकाला पाठवणार त्याची मर्यादा आधी बघा, आणि तिच्यात संदर्भसूची व तक्त्यांचे मथळे धरतात की नाही हेही बघा. नमुना प्रकरणासाठी मर्यादा ६,००० धरली आणि ५,५०० चं लक्ष्य ठेवलं. उरलेले ५०० रिव्ह्यूअरच्या शंकांची उत्तरं घालायला लागतात.

मूळ प्रकरणात आढावा ३,८०० शब्द, अभ्यासक्षेत्र १,९००, पद्धत २,६००, निष्पत्ती ५,२००, चर्चा १,७०० आणि समारोप ८००. लेखात प्रस्तावना ६५०, अभ्यासक्षेत्र २५०, पद्धत ९००, निष्पत्ती १,३००, चर्चा १,९००, समारोप २५० आणि सारांश २५०.

यातली एकच संख्या वाढली आहे, चर्चेची. बाकी सगळं आटलं तरी चर्चा वाढते, कारण प्रबंधात चर्चा बहुधा निष्पत्तीचीच उजळणी असते आणि ‘असं का झालं असेल’ याला शेवटी दमलेल्या हातांनी दोन परिच्छेद मिळतात. प्रत्येक विभाग सारख्याच टक्क्यांनी कापायचा, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. तसं केलं तर आढावा १,३०० शब्दांचा राहतो, चर्चा ६०० ची होते आणि लेख उलटा पडतो.

अभ्यासक्षेत्राच्या १,९०० शब्दांत जिल्ह्याचा इतिहास, लोकसंख्या, रेल्वेमार्ग, वनस्पती असं सगळं असतं. नायट्रेटच्या लेखाला त्यातलं फक्त चार गोष्टींचं काम आहे: खडक आणि मातीचा थर, पावसाचे महिने, विहिरींची खोली, आणि संत्र्याच्या बागांना खत-पाणी देण्याचा काळ.

६. १२ तक्ते आणि १९ आकृत्यांपैकी काय ठेवू?

प्रत्येक तक्त्याला एकच प्रश्न विचारा: हा काढला तर मुद्द्याचं वाक्य पडतं का? पडत असेल तर ठेवा. वाक्य पडत नाही पण त्याची मर्यादा दाखवतं, तर तेही ठेवा (याबद्दल प्रश्न ९ पाहा). दोन्ही नसेल तर पूरक फाईलमध्ये टाका किंवा सोडून द्या.

नमुना प्रकरणात शेवटी ३ तक्ते आणि ४ आकृत्या उरल्या. मुख्य आकृतीत प्रत्येक विहिरीची मे महिन्यातली आणि नोव्हेंबरमधली किंमत एका रेषेने जोडली आहे, डावीकडे खोदविहिरी आणि उजवीकडे बोअर. प्रबंधात याच आकड्यांचे दोन वेगळे स्तंभालेख होते, एक मेचा आणि एक नोव्हेंबरचा. त्यांत कोणती विहीर वाढली आणि कोणती घटली ते दिसतच नव्हतं.

मजकुरात तक्ता वाचून दाखवू नका. प्रबंधातलं वाक्य असं होतं: ‘तक्ता ४.६ वरून असे दिसून येते की, मे महिन्यात खोदविहिरींतील नायट्रेटचे किमान मूल्य ९ व कमाल मूल्य ८८ असून…’ आणि असं दोन पानं. लेखात त्याच्या जागी एवढंच: ‘पावसाळ्यानंतर ३० पैकी २४ खोदविहिरींत नायट्रेट वाढले आणि मध्यक लिटरमागे ३८ वरून ६१ मिलिग्रॅमवर गेला. बोअरचा मध्यक २२ वरून २४ झाला.’ बाकीचं आकृतीत दिसतंच.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. नायट्रेट हे ‘नायट्रेट म्हणून’ दिलं आहे की ‘नायट्रोजन म्हणून’, ते प्रत्येक मथळ्यात लिहा. भारतीय मानक IS 10500:2012 ची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे ती नायट्रेट म्हणून. नायट्रोजन म्हणून तीच साधारण १० होते, कारण दोन्हींत ४.४३ पटीचा फरक आहे. प्रबंधात प्रयोगशाळेचे कागद जसे आले तसे चिकटवलेले असतात, आणि निम्मे आकडे एका पद्धतीचे, निम्मे दुसऱ्या असं आढळतं. आकडे कमी झाले की ही गफलत लगेच नजरेत येते.

७. साहित्याच्या आढाव्यावर सहा महिने गेले. तो सगळा टाकायचा?

टाकायचा नाही, पण त्यातला बहुतेक भाग या लेखात येणार नाही. प्रबंधातला आढावा लेखकागणिक चालतो: अमुक यांनी असा अभ्यास केला, तमुक यांना असं आढळलं. लेखाच्या प्रस्तावनेत तीन-चार परिच्छेदांत एकच वाट दाखवायची असते. खोदविहिरींत नायट्रेट का साचतं याविषयी काय माहीत आहे, हंगामी फरकाबद्दल कुठे मतभेद आहेत, बेसॉल्टच्या भागात त्याच विहिरी दोन्ही हंगामांत मोजलेलं काम किती आहे, आणि म्हणून हा लेख. प्रस्तावनेचं शेवटचं वाक्य तुमचा प्रश्न असावं, उद्दिष्टांची यादी नको.

१४० संदर्भांतून ४० ते ५० उरतात. त्यातले बरेचसे प्रस्तावनेऐवजी चर्चेत जातात, कारण तुलना तिथे करायची असते.

८. १४ घटक मोजले आणि लेखात फक्त नायट्रेट. मग बाकीचे १३ लपवले असं होत नाही का?

उल्लेखच केला नाही तर होतं. म्हणून पद्धतीत स्पष्ट लिहा की १४ घटक मोजले, हा लेख नायट्रेटबद्दल आहे आणि बाकीचे आकडे पूरक फाईलमध्ये आहेत.

याला दोन कारणं आहेत. पहिलं संख्याशास्त्रीय. १४ घटकांवर प्रत्येकी ०.०५ पातळीवर हंगामी फरकाची चाचणी लावली आणि प्रत्यक्षात कशातच फरक नसला, तरी निदान एक ‘महत्त्वपूर्ण’ निघण्याची शक्यता सुमारे ५१ टक्के असते (घटक एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर). त्यामुळे वाचकाला चाचण्या किती केल्या हे कळलं पाहिजे, आणि अनेक चाचण्यांसाठीची दुरुस्ती लावून नायट्रेटचा फरक टिकतो का तेही दाखवलं पाहिजे. टिकत नसेल तर प्रश्न ३ कडे परत जा.

दुसरं कारण दर्जाचं. बाकीचे आयन लेखातून काढले तरी ते तपासणीच्या कामाचे आहेत. धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का, हा आयन संतुलनाचा हिशेब त्यांच्याशिवाय करता येत नाही. फरक साधारण ५ टक्क्यांच्या आत असेल तर प्रयोगशाळेच्या आकड्यांवर विश्वास बसतो. म्हणजे निष्पत्तीतून गेलेले घटक पद्धतीच्या एका वाक्यात परत येतात: ‘सर्व नमुन्यांत आयन संतुलनातील तफावत अमुक टक्क्यांच्या आत होती.’

पद्धतीतून काय गाळायचं हेही सांगायला हवं. प्रमाणित पद्धतीचं नाव आणि आवृत्ती दिली की टायट्रेशनची कृती लिहायची गरज नाही. पण बाटली कशी धुतली, नमुना किती तासांत प्रयोगशाळेत पोचला, थंड ठेवला की नाही, हे राहू द्या. नायट्रेटचा नमुना उबेत पडून राहिला की जीवाणूंमुळे आकडा बदलतो, आणि मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात ही शंका रिव्ह्यूअर हमखास काढतो.

आणि चाचणी पुन्हा तपासा. प्रबंधात मे आणि नोव्हेंबरचे गट वेगवेगळे धरून साधी टी-चाचणी लावलेली असते. विहिरी त्याच आहेत, म्हणून जोडीची चाचणी हवी, आणि नायट्रेटचे आकडे एका बाजूला झुकलेले असतात म्हणून विल्कॉक्सनची चिन्हांकित क्रम चाचणी जास्त योग्य.

९. सहा खोदविहिरींत नायट्रेट वाढलंच नाही. त्या वगळल्या तर मुद्दा स्वच्छ होतो. चालेल का?

नाही. लांबी कमी करणं आणि पुरावा कमी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुद्द्याशी संबंध नसलेलं काहीही कापा, पण मुद्द्याच्या विरोधात जाणारं आत राहिलंच पाहिजे.

खरं तर या सहा विहिरींनीच लेख सुधारतो. नमुन्यात पाहिलं तर सहापैकी पाच गावठाणात आहेत, गोठ्यांच्या आणि सांडपाण्याच्या जवळ, आणि दोन्ही हंगामांत त्यांचं नायट्रेट चढंच आहे. म्हणजे तिथे स्रोत बारमाही असावा. सहावी विहीर बागेतलीच आहे आणि तिचं कारण सापडत नाही. तसं सरळ लिहायचं. यामुळे मुद्द्याचं वाक्य बदलून आणखी नेमकं होतं: ‘बागांमधल्या खोदविहिरींत पावसाळ्यानंतर नायट्रेट वाढतं, गावठाणातल्या खोदविहिरींत ते वर्षभर चढं असतं.’

मात्र ही गावठाण-बाग विभागणी आकडे पाहिल्यावर सुचली, हे लेखात नोंदवा. आधी ठरवलेली तुलना आणि नंतर सुचलेली तुलना यांचं वजन सारखं नसतं.

१०. प्रबंधात मी ‘रासायनिक खतांमुळे नायट्रेट वाढले’ असं लिहिलं होतं आणि व्हायवात कुणी अडवलं नाही. लेखात तेच लिहू का?

या आकडेवारीवर नाही. हंगामी फरक मोजला आहे, स्रोत मोजलेला नाही. नायट्रेट खतातून आलं की शेणखतातून की सांडपाण्यातून, हे सांगायला नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं मापन लागतं, आणि तेही खत व शेण यांची सरमिसळ असली की दर वेळी सरळ उत्तर देत नाही.

चर्चेत काय लिहिता येईल ते पाहा, कारण इथेच ते १,९०० शब्द लागतात. संत्र्याला दोन मुख्य बहार: आंबिया, ज्याचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत येतो, आणि मृग, ज्याचा जून-जुलैत. मृग बहार धरणाऱ्या बागांत ताण तोडून खत दिलं जातं ते पावसाच्या तोंडावर. त्याच काळात पाणी वरच्या मुरमातून खाली झिरपतं आणि खोदविहिरीला आधी मिळतं. बोअरचं पाणी खालच्या भेगांतून येतं. हा क्रम आकड्यांशी जुळतो. ‘जुळतो’ हे क्रियापद इथे बरोबर आहे, ‘सिद्ध होतो’ नाही. आंबिया आणि मृग बहाराच्या बागांची वेगळी नोंद प्रबंधाच्या प्रश्नावलीत असेल तर ती बाहेर काढा. मृग बहाराच्या बागांत वाढ जास्त दिसली तर चर्चा एक पायरी वर जाते. फरक दिसला नाही तर तेही लिहायचं.

दोनच महिन्यांचं मापन आहे, एकाच वर्षाचं, ही मर्यादा समारोपात पुरून न ठेवता चर्चेतच सांगा.

११. उरलेल्या मजकुराचे आणखी दोन-तीन लेख होतील ना?

प्रश्न वेगळा असेल तर होतील. बेसॉल्टवरचं विश्लेषण जास्त खोलात नेऊन वेगळा लेख होऊ शकतो. पण मे महिन्याच्या नायट्रेटचा एक आणि नोव्हेंबरच्या नायट्रेटचा दुसरा असं केलं तर तो एकाच कामाचे तुकडे पाडण्याचा प्रकार झाला, आणि त्यात जो मुद्दा होता तोही जातो, कारण मुद्दा या दोन महिन्यांमधल्या फरकातच आहे. दुसरा लेख पाठवताना पहिल्याचा उल्लेख करा आणि नमुने तेच आहेत हे सांगा.

१२. माझा प्रबंध शोधगंगावर आहे. साम्य तपासणीत तो सापडणार. लेख नाकारतील का?

प्रबंध म्हणजे आधीचं प्रकाशन असं बरीच नियतकालिकं मानत नाहीत, पण सगळीकडे तसं असेलच असं नाही. लेखकांसाठीच्या सूचनांत पाहा, आणि सोबतच्या पत्रात एका वाक्यात लिहा की हा लेख अमुक विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणावर आधारित आहे. एडिटरला हे तुमच्याकडून कळणं आणि सॉफ्टवेअरकडून कळणं यात खूप फरक पडतो.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य सर्वांत खालच्या पातळीत धरलं आहे, म्हणून अनेकजण वाक्यांतले शब्द उलटसुलट करून आकडा खाली आणायला बसतात. कोऱ्या फाईलपासून लिहिलं असेल (प्रश्न ४) तर ही वेळ फारशी येत नाही. पद्धतीच्या विभागात थोडं साम्य राहणारच.

१३. लेखात गाईडचं नाव घालावंच लागतं का? आणि कितवं?

लेखकपदाचे निकष पदावर अवलंबून नसतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष इतर शाखांतही वापरले जातात: कामात ठोस वाटा, लेखनात किंवा त्याच्या गंभीर दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि मजकुराची जबाबदारी. चारही लागू हवेत. गाईड सरांनी किंवा मॅडमनी नमुन्यांची आखणी केली आणि मसुदा तपासला तर त्यांचं नाव येतं. ज्यांनी फक्त प्रयोगशाळा वापरू दिली त्यांचे आभार मानायचे. हे बोलणं मसुद्याआधी उरकून घ्या, आणि मसुदा न दाखवता कुणाचंही नाव घालू नका.

संपर्कासाठी विद्यापीठाचा ईमेल देऊ नका, पदवीनंतर तो बंद झाला तर रिव्ह्यूअरची पत्रं तिकडेच अडकतात.

१४. प्रबंध मराठीत आहे, लेख इंग्रजीत द्यायचा आहे. आधी कापू की आधी भाषांतर करू?

आधी कापा, तेही मराठीतच. मुद्द्याचं वाक्य, आकृत्या आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य एवढं मराठीत पक्कं झालं की त्यावरून इंग्रजीत नव्याने लिहा. १६,००० शब्दांचं भाषांतर करून मग दोन तृतीयांश फेकणं म्हणजे फुकटची मेहनत. साहित्य, इतिहास, समाजशास्त्राच्या संशोधकांना एक जास्तीची सूचना: मुलाखतीतली किंवा ग्रामीण बोलीतली अवतरणं मूळ वऱ्हाडी-झाडीबोलीतच जपून ठेवा. लेखात भाषांतर दिलं तरी रिव्ह्यूअर मूळ मागू शकतो.

१५. कुठे पाठवू? यूजीसी-केअर यादीतलंच नियतकालिक हवं का?

यूजीसीने ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आणि पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्तीही नाही. तरीही तुमच्या विद्यापीठाचे किंवा नोकरीच्या जागेचे स्वतःचे निकष असू शकतात, ते लेखी विचारून घ्या. विषयाच्या दृष्टीने सोपी वाट म्हणजे तुमच्या उरलेल्या ४०-५० संदर्भांत कोणती नियतकालिकं वारंवार येतात ते पाहणं. वाचक तिथेच आहेत.

‘सात दिवसांत प्रकाशन, अमुक रुपये’ असे व्हॉट्सॲप संदेश सोडून द्या. नामांकित नियतकालिकाच्या नावाची नकली वेबसाइटही असते, म्हणून पत्ता संदेशातल्या लिंकवरून उघडू नका, portal.issn.org वर नोंद शोधून तिथून जा.

१६. सगळं कापून पाठवलं आणि रिव्ह्यूअरने गाळलेलाच भाग मागितला. आता?

घाबरून तो पूर्ण भाग परत चिकटवू नका. मागणी कशासाठी आहे ते आधी ओळखा. ‘क्लोराइडचे आकडे कुठे आहेत?’ असं विचारणारा रिव्ह्यूअर बहुधा सांडपाण्याची शक्यता तपासतो आहे, कारण सांडपाणी मिसळलं की नायट्रेटसोबत क्लोराइडही चढतं. मग निष्पत्तीत दोन वाक्यं आणि पूरक तक्त्याचा क्रमांक पुरतो, आणि गावठाणातल्या पाच विहिरींबद्दलची चर्चा त्यामुळे पक्की होते. प्रश्न ५ मध्ये राखून ठेवलेले ५०० शब्द यासाठीच होते.

‘जल गुणवत्ता निर्देशांकही द्यावा’ अशी मागणी आली आणि ती मुद्द्याला जोडत नसेल, तर उत्तराच्या पत्रात कारणासह नम्रपणे नकार देता येतो: हा लेख एकाच घटकाच्या हंगामी बदलाबद्दल आहे, निर्देशांकात तो बदल इतर घटकांच्या सरासरीत मिसळून जातो, आणि सर्व घटकांचे मूळ आकडे पूरक फाईलमध्ये दिले आहेत. प्रत्येक मागणीचं उत्तर वेगळ्या परिच्छेदात द्या आणि मसुद्यात बदल कोणत्या ओळीत केला ते लिहा. नकार दिलेल्या मागणीखालीही उत्तर हवंच. जागा कोरी दिसली तर रिव्ह्यूअरला ती नजरचूक वाटते आणि मसुदा आणखी एका फेरीला जातो.